शब्दचर्चा: ‘रंगदुरुस्ती’ आणि ‘रंगसज्जा’

धरमपेठकर: फोनच्या व्हिडिओवर मराठीत लिहून राहिलो. कलर करेक्शनला ‘रंगदुरुस्ती’ अन् ग्रेडिंगला ‘रंगसज्जा’ चालेल का? की दोन्हींना एकच शब्द पुरे?

छटाकार: दोन शब्दच हवेत, कारण कामं दोन आहेत. कळमन्याच्या बाजारातली संत्र्यांच्या ढिगाची क्लिप घ्या. फ्रेमभर नारंगी दिसलं की फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स तो उजेडाचाच रंग समजतो आणि भरपाईला सगळं निळ्याकडे नेतो. संत्री फिकी पडतात, व्यापाऱ्याचा सदरा निळसर होतो. यावर थेट उबदार छटेचा तयार LUT टाकला की चेहरे तांबूस होतात आणि सावल्यांत निळं तसंच राहतं. आधी दुरुस्ती, मग सज्जा.

इतवारीचा_एडिटर: त्यात काय कठीण? पांढऱ्या सदऱ्यावर ड्रॉपर ठेवायचा, झालं काम.

छटाकार: निम्मं बरोबर. सदऱ्याला नीळ दिलेली असली तर तो मुळातच निळसर असतो. ड्रॉपर त्यालाच पांढरं धरतो आणि अख्खी फ्रेम पिवळी करतो. शिवाय सदऱ्याचा उन्हात जळालेला भाग घेतला तर तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही टोकाला टेकलेले असतात; रंग कोणत्या बाजूला कलला हे तिथून कळतच नाही. म्हणून शूटच्या वेळी त्याच उन्हात ग्रे कार्ड दोन सेकंद धरा. तराजूचं स्टीलचं पारडं चालत नाही, त्यात संत्र्यांचाच रंग उतरतो.

एडिट करताना आधी एक्सपोजर: वेव्हफॉर्मवर सदरा साधारण 80 ते 90 टक्क्यांत, गडद सावली शून्याच्या जरा वर. मग आरजीबी पॅरेडमध्ये कार्डाची जागा पाहा. या क्लिपमध्ये तिथे निळी रेघ वर आणि लाल खाली असेल. दोन्ही एका उंचीला येईपर्यंत टेम्परेचर उबदार बाजूला सरकवा, हिरवी रेघ टिंटने जुळवा. यात उजेडही थोडा हलतो, म्हणून एक्सपोजर पुन्हा तपासा.

मानेवाडा_७: माझ्या आयफोनचा व्हिडिओ टाइमलाइनवर भगभगीत पांढरा दिसतो. ही रंगदुरुस्तीच ना?

छटाकार: नाही. क्लिप बहुतेक एचडीआर आहे आणि टाइमलाइन साधी. आधी कलर स्पेस बदला, नाहीतर शूट करतानाच `HDR Video` बंद ठेवा. तोवर स्लायडरला हात लावू नका.

इतवारीचा_एडिटर: बरं, पण कॅमेरा ढिगावरून माणसावर फिरला अन् मधेच रंग बदलला तर?

छटाकार: मग एका सेटिंगने भागत नाही. बदल सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंत कीफ्रेम लावा. शूटच्या आधी व्हाइट बॅलन्स लॉक केला तर हे दुखणंच येत नाही.

धरमपेठकर: म्हणजे पांढरं पांढरं दिसणं हीच ‘दुरुस्ती’ची खूण.

सदरची_वाचक: हे मला पटत नाही. रात्री पिवळ्या बल्बखालच्या गाडीवरची क्लिप पूर्ण पांढरी केली तर रात्र राहतच नाही. तिथे मी पिवळेपणा अर्धाच काढते. तो माझ्या आवडीने ठरतो, मोजून नाही. मग ती दुरुस्ती झाली की सज्जा?

छटाकार: मी तिला दुरुस्तीच म्हणेन, कारण चेहऱ्याचा रंग खरा वाटेपर्यंतच तुम्ही नेता. पण रेघ नेमकी कुठे ओढायची यावर आमच्यातही एकमत नाही.