मोती मेलेल्या माशावर का लोळतो?

*तळमजला काकू:* मंडळी, आमचा मोती सकाळी कंग्राळीकडं मार्कंडेयच्या काठाला मेलेल्या माशावर लोळून आलाय. मानेपासून पाठीपर्यंत नुसता वास! आणि स्वारी खुशीत शेपूट हलवत दारात उभी. का करतात हो हे असं?

*दुसरा मजला तात्या:* शिकारीसाठी असतंय ते. आपला वास झाकला की सावजाला चाहूल लागत नाही.

*डॉक्टर ताई (जनावरांच्या):* तात्या, सगळे हेच सांगतात, पण मला ते पुरतं पटत नाही. बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांसमोर अत्तर ठेवलं तरी ते त्यावर लोळतात, आणि अत्तराचा वास शिकारीत काय लपवणार? अमेरिकेत इंडियानातल्या 'वुल्फ पार्क'मध्ये वेगळंच दिसलं. लांडगा नव्या वासावर आधी गाल आणि मान घासतो, मग परततो. कळपातले बाकीचे त्याचं तोंड-मान हुंगतात आणि काही वेळा तोच माग धरून थेट त्या जागेवर पोचतात. म्हणजे काय सापडलं याची बातमी तो अंगावर घेऊन येतो. हेच एकमेव कारण आहे असं अजून ठरलेलं नाही, पण मला हे सगळ्यात जवळचं वाटतं.

*तळमजला काकू:* अगं होय की! शेजारची राणी त्याच्या मानेलाच हुंगत बसली होती, पाठीकडं बघितलंसुद्धा नाही.

*डॉक्टर ताई:* बरोबर. कुत्री भेटली की तोंड-मानेशी हुंगतात, म्हणून वासही आधी तिथंच लावतात. काकू, आता लगेच पाणी ओतू नका, माशाचं तेल केसांत पसरतं. कोरड्या पेपरानं जेवढं निघेल तेवढं पुसा. मग मगभर पाण्यात एका लिंबाचा रस घालून चोळा आणि पाच मिनिटं ठेवा. सडलेल्या माशाच्या वासातला मोठा भाग अमाइन नावाच्या द्रव्यांचा, तो आम्लारी म्हणजे आम्लाच्या उलट असतो, लिंबाच्या आंबटानं मरतो. मासे साफ केल्यावर आपण हाताला लिंबू लावतो ते याचसाठी. डोळ्यांत आणि जखमेवर नको. मग कुत्र्याचाच शाम्पू, आपला नको.

*तिसरा मजला वहिनी:* आमची शेणात लोळते, तिलाही लिंबू?

*डॉक्टर ताई:* तिथं लिंबाचा फार उपयोग नाही वहिनी, वास वेगळ्या द्रव्यांचा. पुसून दोनदा शाम्पू लावा. आणि लोळण्यापेक्षा खाण्याची जास्त काळजी करा. मासा खाल्ला असेल आणि उलटी-जुलाब झाले तर घेऊन या.

*दुसरा मजला तात्या:* आधीच थांबवायचं कसं?

*डॉक्टर ताई:* तो एकाच जागी नाक खाली घालून बराच वेळ हुंगतो, मग एक खांदा झुकवतो. खांदा झुकायच्या आत हाक मारा, एकदा पाठ टेकली की ऐकत नाही.

*तळमजला काकू:* लिंबू लावलं. बराच कमी झाला, पण गळ्याशी अजून येतोय.

*डॉक्टर ताई:* पट्टा काढला का काकू? कापडी पट्ट्यात मुरलेला असणार. तो वेगळा लिंबाच्या पाण्यात भिजवा आणि उन्हात टाका.