‘अनुपालन’ केले की ‘सादर केले’? लेखा आक्षेपांच्या भाषेबद्दल

रेघ
एका खात्याच्या वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. इंग्रजी मजकुराचा आशय असा, की खात्याने लेखापरीक्षणातल्या १४ परिच्छेदांबाबत, म्हणजे अहवालात नोंदलेल्या आक्षेपांबाबत, आपले काम केले. मी लिहिले, “१४ परिच्छेदांचे अनुपालन केले.” तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून “अनुपालन सादर केले” असे केले आणि समासात शेरा मारला, “दोन्हींत फार फरक आहे.” माझे वडील कचेरीत होते. ते घरी सांगायचे, “ऑडिटची पूर्तता करून टाकली,” आणि त्यांच्या लेखी याचा अर्थ इतकाच असायचा की उत्तराचे पत्र गेले. मग पूर्तता म्हणजे पत्र जाणे, की चूक खरोखर दुरुस्त होणे? अनुपालन आणि पूर्तता एकच का?

मोडीवाचक
‘अनुपालन’ हा आपला शब्दच नव्हे, हिंदी परिपत्रकांतून आत आलेला आहे. मराठीत ‘पालन’ आहे, ‘परिपालन’ आहे. जुने लोक तर ‘शक’ म्हणत: “ऑडिटचे शक निघाले”, “शक फेडले”. पंचायतींच्या कागदांत ‘शकपूर्तता’ आजही सापडेल. शक म्हणजे शंका, अरबीतून आलेला. शालिवाहनाच्या शकाशी त्याचा संबंध नाही. परीक्षकाला शंका आली, तुम्ही ती फेडली, इतके सरळ आहे. ‘आक्षेप’ म्हटले की आरोप वाटतो. ‘शक’ म्हटले की प्रश्न वाटतो, आणि तेच खरे.

अर्धसमास
रेघताई, मी बत्तीस वर्षे लेखापरीक्षणात काढली. तुमच्या तपासणाऱ्या बाई बरोबर आहेत. ‘अनुपालन’ हे आमच्याकडे कागदाचे नाव आहे. खाते आक्षेपावर जे उत्तर पाठवते ते अनुपालन. त्या उत्तरात “चौकशी सुरू आहे” एवढेच असले तरी ते अनुपालनच, आणि परिच्छेद जिवंतच राहतो. परीक्षकाचे “परिच्छेद वगळण्यात येत आहे” असे पत्र येईपर्यंत काहीही मिटलेले नसते. म्हणून “१४ परिच्छेदांचे अनुपालन केले” वाचून सामान्य वाचकाला वाटेल की १४ चुका दुरुस्त झाल्या, आणि प्रत्यक्षात १४ पत्रे गेलेली असतील.

गवतफुला
काका, तुमचे नाव फार आवडले. पण अर्धसमास हा कोणता समास? अव्ययीभाव आणि तत्पुरुषाच्या मध्ये काही असते का?

अर्धसमास
हा व्याकरणातला समास नव्हे, कागदाच्या कडेचा. वहीत समास सोडतो ना, तो. अर्धसमास पत्र म्हणजे पान मध्यावर उभे दुमडायचे, एका अर्ध्यात परीक्षकाने प्रश्न लिहायचा, दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा ठेवायचा. तपासणी चालू असतानाच कार्यालयाने त्या कोऱ्या अर्ध्यात उत्तर द्यायचे. सगळे आक्षेप इथे जन्मतात आणि निम्मे इथेच संपतात, कारण नुसता कागद सापडत नसतो आणि तो दुसऱ्या दिवशी सापडतो. जे उरते ते तपासणी अहवालात परिच्छेद म्हणून जाते.

पाऊलखुणा
मला वाटते इथे शब्दांचा घोळ मुद्दाम ठेवलाय. अहवालात “आक्षेपाधीन रक्कम १८ लाख” असते, म्हणजे १८ लाख खाल्ले. ते वसूल करायचे सोडून परीक्षक पत्रे लिहीत बसतात. महालेखापालांना अधिकार आहेत, त्यांनी थेट पगारातून कापावेत.

अर्धसमास
कळकळ पटते, पण दोन्ही गोष्टी तशा नाहीत. परीक्षकाला कागद मागण्याचा, कार्यालयात जाऊन तपासण्याचा अधिकार १९७१ च्या कायद्याने दिला आहे. पैसे वसूल करणे आणि शिक्षा देणे हे काम मात्र खात्याचे. परीक्षक दाखवतो, खाते कापते. आणि आक्षेपाधीन म्हणजे खाल्लेली रक्कम नव्हे. योगायोगाने १८ लाखांचेच एक प्रकरण मी पाहिले आहे, ते सांगतो. कार्यालयाचे नाव नको.

४० संगणक घेतले होते, प्रत्येकी ४५,००० रुपये, एकूण १८ लाख. प्रमाणकाला जोडलेल्या बिलामागे नेहमीचा दाखला होता: “माल सुस्थितीत मिळाला, जडसंग्रह नोंदवहीत पान ६२ वर नोंद घेतली.” पान ६२ उघडले तर नोंदी ३१. अर्धसमास पत्र दिले: ९ कुठे? दुसऱ्या दिवशी कोऱ्या अर्ध्यात उत्तर आले, “नजरचुकीने राहिल्या, आता घेतल्या.” नोंदवहीत खरोखरच ९ ओळी वाढल्या होत्या, पण वेगळ्या शाईत, आणि यंत्रांचे अनुक्रमांक कोरे. अनुक्रमांकाचा रकाना कोरा दिसला की उठून माल पाहायचा, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवले. भांडारपालाला सोबत घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. ३८ यंत्रे जुळली, २ नव्हती.

आता शब्द पाहा. वसूलपात्र रक्कम झाली दोन यंत्रांची, ९०,०००. आक्षेपाधीन मात्र पूर्ण १८ लाख, कारण खरेदी एकाच आठवड्यात तीन आदेशांत तोडली होती. प्रत्येक आदेश निविदेच्या मर्यादेखाली बसावा म्हणून. ३८ संगणक जागेवर होते, वापरात होते, तरी ती सगळी खरेदी नियमाबाहेर झाली म्हणून आक्षेपाखाली आली.

पाऊलखुणा
म्हणजे बातमीत “१८ लाखांचा अपहार” लिहिले तर चूक?

अर्धसमास
चूक. आणि “फक्त ९० हजारांचा प्रश्न” लिहिले तरी चूक. निविदा टाळली म्हणून तीच यंत्रे किती स्वस्त मिळाली असती, हे कुणालाच कधी कळणार नाही.

मोडीवाचक
‘हिशेबतपासनीस’ हा शब्द टाकून ‘लेखापरीक्षक’ आणला तिथेच भाषा लोकांपासून तुटली. तपासनीस म्हटले की खोल्याखोल्यांतून फिरणारा माणूस दिसतो. परीक्षक म्हटले की गुण देणारा.

रेघ
पण ‘हिशेब’ही अरबीच ना? तो चालतो आणि ‘अनुपालन’ चालत नाही, हे कसे?

मोडीवाचक
चालतो, कारण तो रुळला. माझा झगडा संस्कृत-अरबीचा नाही. कचेरीने बनवलेला शब्द आणि लोकांनी घासलेला शब्द, यांच्यातला आहे. आणि ‘ऑडिट’चे मूळ तरी काय? लॅटिनमध्ये ऐकणे. हिशेब मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, अशी रीत होती. त्या अर्थाने ‘सुनावणी’ जास्त जवळचा.

अर्धसमास
सुनावणी नको. ती विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे होते, आणि तीही मोजक्या परिच्छेदांची.

निवृत्त हेडमास्तर
शब्दांचे मला फारसे कळत नाही. माझ्या नावावर एक परिच्छेद आहे आणि माझ्या निवृत्तीची रक्कम त्यावर अडकली आहे. दोन वर्षांपूर्वी तपासणीत निघाले की शाळेच्या एका अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे जोडलेली नाहीत. ती होती. मी छायाप्रतींसह अनुपालन दिले, दोनदा दिले. तरी यादीत “अनुपालन अप्राप्त” असेच दिसते. कुठे दाद मागू?

अर्धसमास
सर, तुमचे उत्तर तुमच्या कार्यालयातून थेट परीक्षकाकडे जात नाही. आधी वरिष्ठ कार्यालयाकडे जाते, तिथे अभिप्राय घालून पुढे पाठवायचे असते. बहुतेक कागद तिथेच थांबतात. वरिष्ठ कार्यालयाचा जावक क्रमांक आणि तारीख लेखी मागा. जावक क्रमांक नसेल तर तुमचे उत्तर पुढे गेलेलेच नाही, आणि परीक्षक “अप्राप्त” लिहितो ते खोटे नसते. जावक क्रमांक असेल तर त्याच्या आधारे परीक्षक कार्यालयाला स्मरण द्या. आणि मूळ प्रमाणपत्रे पडताळणीला दाखवायची तयारी ठेवा. छायाप्रतीवर परिच्छेद सहसा वगळत नाहीत.

निवृत्त हेडमास्तर
आभारी आहे. दोन्ही वेळा पोच शाळेच्याच वहीत आहे, वरच्या कार्यालयाचा क्रमांक मी कधी विचारलाच नाही. सोमवारी जातो.

रेघ
काका, त्या दोन संगणकांचे पुढे काय झाले? म्हणजे शेवटी कोणता शब्द लागला?

अर्धसमास
तीन वेगवेगळे लागले. पहिले अनुपालन आले, “पुरवठादारास कळविले आहे.” परिच्छेद कायम. दुसऱ्या अनुपालनाबरोबर ९०,००० च्या चलनाची प्रत आली. चलनाची प्रत म्हणजे पैसे जमा, असे मानायचे नसते. कोषागाराच्या नोंदीशी जुळवले तेव्हा ते त्या महिन्यात दिसेनात. शेवटी दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली सापडले, आणि तेवढा भाग “वसुली झाल्याने निकाली” म्हणून वगळला.

निविदेचा भाग राहिला. झालेली अनियमितता नियमित करायला कार्योत्तर मंजुरी लागते, आणि ती सक्षम अधिकाऱ्याची लागते. कार्यालयप्रमुखांनी ती स्वतःच दिली. ज्यांनी आदेश तोडले त्यांनीच ते मान्य केले. ते उत्तर परत पाठवले. माझी बदली झाली तेव्हा परिच्छेद “अंशतः निकाली” होता.

मोडीवाचक
“अंशतः निकाली”! निकाल अंशतः कसा लागेल? ‘काही फिटले, काही बाकी’ म्हणा.

अर्धसमास
बाकी शब्द बरा आहे, पण पत्रात ‘बाकी’ लिहिले की वाचणारा रक्कम शोधतो. इथे रक्कम बाकी नव्हती, मंजुरी बाकी होती.

पाऊलखुणा
आणि हे सगळे विधिमंडळापर्यंत जाते का? तिथे तरी कुणी विचारते?

अर्धसमास
हा परिच्छेद नाही गेला. तपासणी अहवालातले थोडेच महालेखापरीक्षकांच्या मुख्य अहवालात जातात. तो राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवतात आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. समिती त्यातले काही निवडून सचिवांना साक्षीला बोलावते. संसदेत तर १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. पण संगणकांच्या दोन यंत्रांना तिथे जागा नसते. त्यांचा पाठपुरावा खाते आणि परीक्षक यांच्या पत्रांत, कधी दोघांच्या संयुक्त बैठकीत, एवढाच.

रेघ
मी “१४ परिच्छेदांवर अनुपालन सादर केले” ठेवते आहे. पण मूळ मजकुरात त्यांतले किती वगळले गेले ते दिलेलेच नाही. खात्याला विचारायला पत्र टाकले आहे. वडिलांची ‘पूर्तता’ मात्र अजून कुठे बसवावी कळत नाही.

मोडीवाचक
पूर्तता म्हणजे पूर्ण होणे. अपुऱ्या कामाला तो शब्द वापरू नये.

गवतफुला
पण वापरतात ना सगळे! माझी आईपण “फॉर्मची पूर्तता केली” म्हणते, आणि फॉर्म तर अजून मंजूर व्हायचा असतो.