नातवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत! रोज अर्ध्या तासात काय करता येईल?

आजी_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. लेक-जावई न्यू जर्सीत असतात, दोघंही पुण्याचेच. नातू साडेपाच वर्षांचा. तिकडची शाळा सुरू होईपर्यंत छान मराठी बोलायचा. आता आम्ही बोललेलं सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आईबाप सकाळी पावणेआठला घर सोडतात, संध्याकाळी सहाला परत येतात, सव्वाआठला नातू झोपतो. "घरात मराठीच बोला" हा सल्ला त्यांनी पुष्कळदा ऐकलाय आणि ते बोलतातही. तरी तो इंग्रजीतच उत्तर देतो. दमूनभागून आलेल्या माणसांना रोज जमेल असं नेमकं काय करावं? आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर काय करू? डिसेंबरात तीन आठवडे सगळे येणार आहेत.

सदाशिवकर
काकू, उपाय एकच. घरात इंग्रजी बंद. तो इंग्रजीत बोलला की ऐकूच आलं नाही असं वागायचं, आपोआप मराठीवर येतो. जोडीला अप्पा बळवंत चौकातून अंकलिपी आणि बालभारतीचं पहिलीचं पुस्तक पाठवा. रोज एक पान गिरवून घ्यायचं. अक्षरओळख झाली की भाषा पक्की.

पाषाणरोड
आमचीही हीच अडचण. मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे, मराठी निबंधात दोन ओळींपुढे जात नाही. बाणेर-पाषाण भागात कोणी चांगली शिकवणी सांगेल का?

आजी_कर्वेनगर
अहो, माझा प्रश्न लेखनाचा नाही, बोलण्याचा आहे. तुम्ही वेगळा धागा काढलात तर उत्तरं मिळतील.

वाचा_सल्लागार
काकू, मुलांच्या बोलण्यावर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लिहिण्यातच कारण आलंय. आई मराठीत विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, आई पुढचं वाक्य पुन्हा मराठीत बोलते. संभाषण सुरळीत चालतं. मराठी बोलल्यावाचून त्याचं काहीच अडत नाही, मग तो कशाला बोलेल? आईबापांनी किती मराठी बोलावं यापेक्षा इंग्रजी उत्तर आल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत ते काय करतात, हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. एलिझाबेथ लान्झा या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नॉर्वेतल्या द्विभाषिक घरांमध्ये नेमकं हेच तपासलं होतं.

सदाशिवकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. इंग्रजी उत्तर तसंच पुढे जाऊ देऊ नये, हे खरं. पण ऐकूच आलं नाही असं केलं तर ज्याला तो मराठी शब्द येतच नाही, ते मूल अडकतं. दोनदा प्रयत्न करतं आणि मग सांगणंच सोडून देतं. म्हणून आधार कमी करत न्यायचा. समजा तो म्हणाला, "I want the blue bowl."

पहिले काही आठवडे पर्याय द्यायचा: "निळी वाटी हवी की निळा पेला?" तो "वाटी" म्हणाला तरी पुरे. लगेच द्यायची आणि देताना पूर्ण वाक्य आपण बोलायचं: "घे, ही निळी वाटी."
पर्यायावर सहज उत्तर यायला लागलं की वाक्य सुरू करून थांबायचं: "मला निळी…" आणि मनात पाच आकडे मोजायचे. आईबाप नेमके इथे घाई करतात आणि वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात.
हेही जमलं की मग नुसतं "काय हवंय?" असं सहज विचारायचं. सदाशिवकरांचा उपाय या पायरीवर चालतो, त्याआधी नाही.

पायरी चुकली हे कसं ओळखायचं? तो थांबला, छताकडे बघू लागला, बोटानं दाखवू लागला तर शब्द शोधतोय, वाट बघा. "Never mind" म्हणून उठून गेला तर मागच्या पायरीवर या.

हे दिवसभर करायचं नाही. दोनच वेळा ठरवा. त्यांच्या दिवसात सकाळचा नाश्ता आणि कपडे ही १५ मिनिटं आणि रात्री अंथरुणातली १५ मिनिटं बसतात. दोन्ही वेळी रोज तीच कामं, तेच शब्द येतात, म्हणून मुलाला पुढचा शब्द आधीच ठाऊक असतो. घरी आल्यावरचा सहा ते सात हा वेळ मुद्दाम सोडून द्या. सगळे दमलेले, भुकेलेले असतात, मुलाच्या डोक्यात शाळेतलं इंग्रजी ताजं असतं. तेव्हा आग्रह केला तर मराठी म्हणजे कटकट असं समीकरण बसतं.

आणखी एक. इंग्रजी नाम चालवून घ्या, क्रियापद मराठी हवं. "मी रिसेसला स्लाइडवर खेळलो" हे मराठी वाक्य आहे, त्याला हात लावू नका. "मी स्लाइडवर प्ले केलं" असं आलं तर "अच्छा, खेळलास?" एवढंच म्हणून पुढे जा. "केलं" लावून इंग्रजी क्रियापद चालवायची सवय लागली की "संपवलं, फेकलं, चिकटवलं" हे शब्द वापरायची वेळच येत नाही.

म्युनिकहून
बायको तमिळ, आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतो, बाहेर जर्मन. मुलगी चार वर्षांची, मराठी बोलणारा मी एकटाच. वर दिलेल्या पायऱ्या इथे कशा चालतील? "काय म्हणालीस?" असं विचारलं तर तिला ठाऊक आहे की मला इंग्रजी येतं.

वाचा_सल्लागार
ठाऊक असू द्या. कळत नसल्याचं सोंग करायचंच नाही. "मला मराठीत सांग" असं रोज म्हणण्यापेक्षा पर्यायाचा प्रश्न विचारा, तो तुमच्याही घरी चालतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. तिला मराठीत दोन माणसांचं आपसातलं बोलणं ऐकायलाच मिळत नाही. नुसतं "ये, बस, खा, चल" ऐकलेल्या मुलाला "मी गेलो होतो", "तो म्हणाला की" असली वाक्यं येत नाहीत. रोज तिच्यासमोर स्पीकरवर पाच मिनिटं पुण्याला फोन करा, तिच्याशी बोलायला नव्हे, तुमचं बोलणं तिच्या कानावर पडायला.

सदाशिवकर
ते ठीक, पण व्याकरणाचं काय? आमच्या नात्यातली तिकडची पोरं "शाळाला जातो", "मी पोळी खाल्लं" म्हणतात. न सुधारता सोडायचं?

वाचा_सल्लागार
सुधारायचं, पण "चूक, पुन्हा म्हण" करून नाही. "शाळाला" म्हणाला तर "हो? शाळेला चाललास?", "पोळी खाल्लं" म्हणाला तर "पोळी खाल्लीस? वा!" असं, बरोबर रूप जरा ठळक उच्चारून. त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं नाही. "आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं" हे कानावर बऱ्याचदा पडल्याशिवाय बसत नाही. ज्याला मराठी कमी ऐकायला मिळतं त्याला वेळ लागणारच. "ळ"च्या उच्चाराचंही तसंच.

आणि अक्षरं नंतर, काकू. अंकलिपी पाठवायला हरकत नाही, पण बोलणं थांबलेल्या मुलाकडून क गिरवून घेतला तर क येईल, वाक्य येणार नाही.

सदाशिवकर
हे मला पूर्ण पटत नाही. वाचता आलं की भाषा मोठेपणी टिकते. नुसती बोलीभाषा दहाव्या-बाराव्या वर्षी सुटतेच.

रविवार_शाळा
दोन्ही खरं आहे, वय बघून ठरवा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, त्यांच्या परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठामार्फत होतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला पायऱ्या, परीक्षा, बरोबरीची मुलं याचा चांगला उपयोग होतो. पण आठवड्यातून एकदा होणारा वर्ग घरातल्या बोलण्याची जागा घेत नाही. वाचायला लागल्यावर बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा, १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला मात्र ते जड जाईल, वाचून दाखवावं लागेल.

आजी_कर्वेनगर
सगळ्यांचे आभार. लेकीला हे पाठवलं. आता माझ्या कॉलचं सांगा. मी "जेवलास का? शाळेत काय केलंस?" विचारते, तो "yes", "nothing" म्हणतो आणि पळतो.

वाचा_सल्लागार
"जेवलास का"ला मान हलवली तरी भागतं आणि "काय केलंस"ला एवढ्या लहान मुलाकडे उत्तर नसतं. प्रश्नच नकोत, खेळ घ्या. बाजीराव रस्त्यावर अक्षरधारात जाऊन एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती घ्या. पानभर गजबजलेलं चित्र हवं, बाजार किंवा स्टेशन, मजकूर कमी. एक प्रत तुमच्याकडे, एक त्याच्याकडे.

पहिल्या आठवड्यात तुम्ही सांगायचं, त्यानं शोधायचं: "झाडाखाली कोण झोपलंय?" तो बोट ठेवेल, बोलणार नाही, चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून उलटं: तो सांगणार, तुम्ही शोधणार. आणि तुम्ही मुद्दाम चुकायचं. तो "डॉगी" म्हणाला तर "कुठला? काळा की पांढरा? गाडीवरचा की गाडीखालचा?" आजी चुकीच्या कुत्र्यावर बोट ठेवते म्हटल्यावर त्याला "खालचा!" म्हणावंच लागतं. कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर नको, पानावर धरा. मराठी बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, हे कुणी न सांगता त्याला कळतं.

दहा मिनिटं बस. आठवड्यातून तीन कॉल, वार ठरलेले. त्यांच्या सकाळी सव्वासातला करा, म्हणजे उन्हाळी वेळेत इथे पावणेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून मार्चमधल्या दुसऱ्या रविवारपर्यंत तुमचे पावणेसहा. या बदलात कॉल चुकतात आणि मग बंदच पडतात, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर आत्ताच खूण करून ठेवा.

आजी_कर्वेनगर
आणि डिसेंबरात? बालवाडीत तीन आठवडे घालावं का?

वाचा_सल्लागार
माझं मत नाही. पहिला आठवडा झोपेचं वेळापत्रक सावरण्यात जाईल आणि पुण्यातल्या बहुतेक बालवाड्या आता इंग्रजीच बोलतात. त्यापेक्षा सोसायटीतलं इंग्रजी न बोलणारं, त्याच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठं मूल शोधा. रोज संध्याकाळी तासभर खाली खेळू द्या.

रविवार_शाळा
इथे मी वेगळं म्हणेन. बालवाडी मराठी असेल आणि शेवटचे दहा दिवस मिळणार असतील तर घालावं. मात्र नाताळच्या सुट्या कधी आहेत ते आधी विचारा.

म्युनिकहून
मोठं मूल म्हणालात, पण आपल्या सोसायट्यांमधली मुलंसुद्धा खेळताना हिंदी-इंग्रजीच बोलतात. कर्वेनगर-कोथरूडच्या बाजूला अजून कुठे मुलं मराठीत खेळतात, कुणाला माहीत आहे का? मीही एप्रिलमध्ये येतोय.