अनुभव धागा: लाइट गेली, की आपलाच एमसीबी पडला?

ओसरी

गेल्या आषाढात रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या घरातली वीज गेली. खिडकीतून समोरची इमारत काळोखात दिसली, म्हणून सगळीकडचीच गेली असे ठरवून आम्ही निवांत झोपलो. पहाटे फ्रीजखाली पाण्याचे थारोळे दिसले आणि जिन्यातला दिवा मात्र लख्ख पेटलेला होता. समोरच्या इमारतीतले लोक केवळ झोपलेले होते, पडला होता तो आमचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा पेटीतला स्विच. 1912 वर तक्रार नोंदवण्याआधी किंवा वायरमनला उठवण्याआधी तुम्ही घरात नेमके काय पाहता, ते आपापल्या अनुभवासह लिहावे, अशी विनंती आहे.

मीटरखोली

माझी नोकरी वीज दुरुस्तीच्या कामात गेली, त्यामुळे खिडकीपेक्षा माझा भरवसा मीटरवर आहे. शेजाऱ्याकडे इन्व्हर्टर असतो, लिफ्टला जनरेटर असतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांची जोडणीच वेगळी असते, त्यामुळे त्यांचा उजेड किंवा अंधार आपल्या घराबद्दल खात्रीने काहीच सांगत नाही. मीटर मात्र आपल्या सगळ्या स्विचांच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्या तारेवर बसलेला असतो. त्याचे आकडे आपोआप दिसत असतील तर वीज मीटरपर्यंत आलेली आहे आणि अडचण त्याच्या पुढे आहे. पडदा कोरा असेल तर बहुतेक वेळा पुरवठाच गेलेला असतो. बटण दाबल्यावर आकडे दिसले तर ते धरू नयेत, कारण काही मीटरांमध्ये त्यासाठी आतली बॅटरी असते. मीटरचे सील, कटआउट आणि त्याआधीच्या तारा यांना मात्र कोणीही हात लावू नये.

कंदील

इतके खाली उतरण्याची गरजच काय? मी सॉकेटमध्ये टेस्टर घालतो. दिवा लागला की वीज आहे, नाही लागला की नाही. वीस वर्षांत कधी चुकलो नाही.

भातखाचर

कंदीलकाका, मीही तसेच समजत होतो आणि फसलो. आमचे घर वाडीच्या टोकाला आहे, डीपीपासून तार बरीच लांबून येते. एका वादळानंतर घरात एकही दिवा लागेना, पण टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटत होता. वीज दुप्पट आली आहे असे म्हणून आम्ही हसलो. लाइनमन आला आणि त्याने खांबावरची तुटलेली न्यूट्रल दाखवली. फेज घरात येत होता, चालू ठेवलेल्या पंख्यातून न्यूट्रलच्या तारेत उतरत होता आणि परत जायला वाट नसल्यामुळे तिथेच थांबला होता. टेस्टर फेज आहे एवढेच सांगतो, त्या फेजवर काही चालेल की नाही हे तो सांगत नाही.

मीटरखोली

अगदी बरोबर. न्यूट्रल केवळ एका घराची तुटली तर घर बंद पडते, पण तीन फेजच्या लाइनवर ती मागे कुठे तुटली तर काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत डोळे दिपतील इतके प्रखर होतात. दिवा नेहमीपेक्षा पांढरा जळताना किंवा पंखा भलताच पळताना दिसला, तर तपासणी करत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि मग 1912 वर सांगा.

सोनचाफा

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि त्याची बॅटरी हल्ली दोन तासही टिकत नाही. कोणती घ्यावी, हे कोणी सुचवेल का? मागच्या महिन्यात दुपारभर दिवे-पंखे चालू होते, म्हणून आम्हाला काहीच कळले नाही. संध्याकाळी बॅटरी संपून सगळेच बंद पडले, तेव्हा एमसीबी सकाळीच पडला होता असे लक्षात आले.

ओसरी

सोनचाफाताई, बॅटरीसाठी वेगळा धागा काढा, पण तुमचा अनुभव इथलाच आहे. इन्व्हर्टरवर मेनचा दिवा असतो, तो आधी पाहायला हवा. तो नसेल तर इन्व्हर्टरला न जोडलेली एखादी वस्तू, आमच्याकडे गीझर, लावून पाहता येते.

आता माझ्या त्या रात्रीचे पुढचे सांगते. आरसीसीबी वर केला की लगेच पडत होता. भावाने फोनवर सांगितले की सगळे एमसीबी खाली कर, आरसीसीबी वर कर आणि मग एकेक एमसीबी चढव. मी तसे केले, तरीही सगळे एमसीबी खाली असताना आरसीसीबी पडला. वायरमन म्हणाला, आरसीसीबीच खराब आहे, तूर्त तो काढून थेट जोडून देतो. मी नको म्हटले.

मीटरखोली

नको म्हटलेत ते उत्तम केलेत. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला धक्का बसण्यापासून वाचवतो, ते काम एमसीबी करत नाही. तुमच्या भावाची रीत योग्यच आहे, फक्त एक गोष्ट राहून जाते. घरातले बहुतेक एमसीबी एकटा फेज तोडतात आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकत असेल, तर सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकेलच असे नाही. अशा वेळी बटणे बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून ओढून काढावे लागतात.

ओसरी

नेमके तेच निघाले. गीझरचे बटण आठवडाभर बंद होते, म्हणून त्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता. रबरी चपला घालून, कोरड्या हातांनी मी एकेक प्लग काढत गेले आणि गीझरचा प्लग निघाल्यावर आरसीसीबी वर टिकला. गीझरची कॉइल आतून फुटून पाण्याला लागली होती.

कंदील

टेस्टरबद्दलचे मान्य. पण पडलेला एमसीबी पुन्हा किती वेळा वर करावा? मी तर टिकेपर्यंत करतो.

मीटरखोली

एकदाच, तोही त्या एमसीबीवरची उपकरणे बंद करून. वर करताच पडला तर शॉर्ट आहे असे धरावे आणि वायरमनला बोलवावे. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर बहुधा भार जास्त आहे, गीझर आणि इस्त्री एकाच एमसीबीवर नाहीत ना, ते पाहावे. जळका वास आला किंवा पेटी हाताला गरम लागली, तर तेवढाही प्रयत्न करू नये.

एक सोपी युक्ती सांगतो. आरसीसीबी वर असूनही घर बंद असेल तर त्यावरचे टेस्टचे बटण दाबा. तो खट्‌कन पडला तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिथवर आलेले आहेत आणि दोष पुढे आहे. नाही पडला तर बहुधा पुरवठा मागेच थांबला आहे, किंवा क्वचित आरसीसीबीच निकामी झालेला आहे.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितो. इथे ब्रेकर पडला की दांडी पूर्ण खाली येत नाही, मध्येच थांबते. नवीन असताना मी ती नुसती पुढे ढकलत बसलो होतो. आधी पूर्ण बंदच्या बाजूला दाबावी लागते, मगच ती चालूला टिकते, हे शेजारच्या आजोबांनी दाखवले.

जास्वंद

माझे कोडे वेगळे आहे. आमचा आरसीसीबी वीज जाताना पडत नाही, परत येताना पडतो. पाच-सहा वेळांतून एकदाच होते. वायरमनने सगळे तपासले, काही सापडले नाही.

भातखाचर

आमच्याकडेही होते. लाइनमन म्हणतो की वीज येताना झटका बसतो, वायरमन म्हणतो की टीव्ही, संगणक, वॉशिंग मशीन यांची थोडी थोडी गळती एकदम जमते. दोघांचे पटत नाही.

मीटरखोली

दोन्ही शक्य आहे, न पाहता सांगता येणार नाही. पुढच्या वेळी वीज गेल्यावर या तिन्ही वस्तूंचे प्लग काढून ठेवा आणि वीज आल्यावर काय होते ते इथे कळवा.

जास्वंद

काल रात्री गेली होती. प्लग काढले होते, आरसीसीबी टिकला. पण तो एरवीही पाचातून चार वेळा टिकतोच.