व्होल्टेज खाली पंप आणत नाही

> अ‍ॅक्शन पोटेन्शियल वर गेलं की परत खाली आणायचं काम सोडियम-पोटॅशियम पंपच करतो ना? दादरला आमच्या क्लासमध्ये तरी असंच सांगितलंय.

नाही रे, पंप त्या कामाला फारच स्लो आहे. स्पाइक, म्हणजे हेच अ‍ॅक्शन पोटेन्शियल, 1-2 मिलिसेकंदात आटपतो, आणि स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनमध्ये तर पंप बंद पाडला तरी अ‍ॅक्सॉन बराच वेळ फायर करत राहतो, कारण एका स्पाइकला आयन हलतात अगदी थोडे.

खरा खेळ चॅनेल्सचा. पेशीच्या आतलं व्होल्टेज रेस्टिंगच्या -70 मिलिव्होल्टवरून साधारण -55 पर्यंत आलं की सोडियम चॅनेल पटापट उघडतात, सोडियम आत घुसतं, त्याने अजून चॅनेल उघडतात, आणि व्होल्टेज +30 च्या आसपास जातं. पण याच चॅनेलला आतून दुसरं एक गेट असतं, ते मिलिसेकंदभरात आपोआप बंद होतं, म्हणजे इनअ‍ॅक्टिव्हेशन (हेच बरेच जण विसरतात). पोटॅशियम चॅनेललाही सिग्नल त्याच डिपोलरायझेशनचा, म्हणजे व्होल्टेज वर चढण्याचा, फक्त ते उशिरा उघडतात, मग पोटॅशियम बाहेर जातं आणि व्होल्टेज कोसळतं, आणि बंद व्हायलाही ते आळशी म्हणून थोडा वेळ रेस्टिंगच्याही खाली जातं.

कोणाचं काम किती ते बघायचं तर टीईए हे रसायन देऊन पोटॅशियम चॅनेल ब्लॉक करतात. तेव्हा स्पाइक रुंद होतो, उतार लांबतो, पण तरी खाली येतो, कारण सोडियमचं गेट बंद झालेलं असतं आणि नेहमी उघडे असणारे लीक चॅनेल चालू असतात. डेंटिस्टचं लिडोकेन उलट सोडियम चॅनेलच अडवतं, त्यामुळे स्पाइक मुळात उठतच नाही.