अनुभव धागा: आयटीएम स्टॉक ऑप्शन एक्सपायरीला तसाच राहिला आणि डिलिव्हरी गळ्यात पडली

धागाकर्ती: माझ्यापासूनच सुरुवात करते. १००० चा कॉल, लॉट ५००, एक्सपायरीला शेअर १००४ ला बंद झाला. मला वाटलं ४ रुपये गुणिले ५००, म्हणजे २००० खात्यात येतील. पण ऑप्शन आपोआप एक्सरसाइज झाला आणि ५ लाखांचे शेअर घ्यायची वेळ आली. त्यात ०.१% एसटीटीचे ५००, स्टॅम्प ड्युटीचे ७५, ब्रोकरने डिलिव्हरीसाठी ०.२५% लावले ते १२५० आणि त्यावर जीएसटी २२५, सगळे मिळून २०५०. म्हणजे ते २००० तिथेच संपले, पुढे शेअर विकताना परत ५०० एसटीटी. शेवटच्या तासात बायर ३.२० देत होता, मीच हट्टाने विकला नाही. विकला असता तर ४०० च कमी मिळाले असते आणि एसटीटी पण फक्त प्रीमियमवर लागला असता.

सांगलीकर: मी निफ्टीचा आयटीएम कॉल कितीदा ठेवलाय, असलं काही झालं नाही.

जुना_ट्रेडर: निफ्टी कॅश सेटल होतो हो. डिलिव्हरी स्टॉकवाल्यांना, ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच स्टॉक्सना. आणि मार्जिन एक्सपायरीच्या दिवशीच लागतं असं नाही, चार दिवस आधीपासून ते १०, २५, ४५, ७० टक्के असं चढत जातं. हे टक्के पूर्ण कॉन्ट्रॅक्टवर नाहीत, शेअरच्या डिलिव्हरी मार्जिनवर आहेत. समजा ५ लाखांवर ते १ लाख असेल तर पहिल्या दिवशी १०,००० आणि आदल्या दिवशी ७०,०००. प्रीमियम भरून मोकळं झालो असं समजणारा इथेच अडकतो, मार्जिन शॉर्ट पडलं की ब्रोकर पोझिशन स्वतःच कापतो, भाव कसाही असो.

मीनल_ता: माझा पुट होता आणि शेअर डिमॅटला नव्हतेच! ऑक्शनमध्ये गेलं, नफा गेला तो गेलाच, वर पदरचे पैसे भरले.

नवखा२२: पण ओटीएम असेल तर बिनधास्त ठेवायचा ना?

जुना_ट्रेडर: लांब असेल तर ठेव. पण स्ट्राइकला चिकटलेला असेल तर नको, कारण सेटलमेंटचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरतो. तीन वाजता ओटीएम दिसणारा शेवटी आयटीएम निघू शकतो, आणि एक्सरसाइज करू नका असं सांगायची सोय आता नाही.

कोल्हापुरी_पोर: स्प्रेड होता, दोन्ही लेग आयटीएम, तर शेअर एकमेकांत वळते झाले. पण एकच लेग आयटीएम राहिला तर पूर्ण लॉट अंगावर येतो ना? आणि वळते झाले तरी ब्रोकरेज लागलंच मला, एका मित्राला मात्र दुसरीकडे कमी लागलं.

धागाकर्ती: हो, एकच लेग असेल तर पूर्ण लॉट. ब्रोकरेजचं कोणाकडे कॉन्ट्रॅक्ट नोट असेल तर आकडे टाका, माझ्याकडे एकाच ब्रोकरची आहे.