प्रिंट लांबून बघून घ्या
«लेपर्ड, झेब्रा का स्नेक? ऑफिसला घालायचंय, भडक नको.»

मग स्नेक घ्या ताई, राखाडी-बदामी. खवल्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले असतेत, त्यामुळं चार पावलांवरून ते जवळपास प्लेनच दिसतंय. लेपर्डमधी ठिपक्याचा साइज बघायचा. मी लातूरला गंजगोलाईत तळहाताएवढ्या ठिपक्यांचा कुर्ता घेतला, दुकानात लई भारी वाटला पण घरी आरशापासून मागं सरकले तर मी दिसंना, नुसते ठिपकेच! आता रुपयाच्या नाण्याएवढे घेते, खाली काळी पँट. आणि तुटक्या काळ्या कड्याच्या आत गडद तपकिरी पाहिजे, नुसते भरीव काळे ठिपके असले की तो चित्ता झाला. झेब्रा काळापांढरा, बारीक पट्टे असले तरी डोळ्यात भरतो, चप्पल नाहीतर पर्सपुरताच बरा.